एक धातू, तीन भाषा आणि नियम मोडणारा 'स'

मागच्या खेपेला आपण 'अक्षर' या शब्दापाशी थांबलो होतो. लिहिण्यातलं अक्षर वेगळं आणि बोलण्यातलं अक्षर वेगळं, एवढं आपण पाहिलं. आज मी 'अक्षर' म्हणेन तेव्हा बोलण्यातलंच अक्षर समजायचं. म्हणजे मध्ये एक स्वर आणि त्याच्या मागेपुढे चिकटलेली व्यंजनं. 'मंदिर' या शब्दात अशी दोन अक्षरं आहेत, मन् आणि दिर्.

आता एक छोटा प्रयोग करा. 'प्रेम' म्हणा. सहज म्हणता येतं. आता पहिल्या दोन व्यंजनांची जागा बदला आणि 'र्पेम' म्हणून बघा. जीभ अडखळते, आणि 'र'च्या आधी किंवा नंतर नकळत एखादा स्वर शिरतो. 'क्लेश' म्हणता येतं, 'ल्केश' म्हणता येत नाही. असं का होतं, याचं एक उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालं. आजचं व्याख्यान त्या उत्तराबद्दल आहे, आणि त्याला पहिल्या दिवसापासून छळणाऱ्या एका ध्वनीबद्दल आहे. तो ध्वनी म्हणजे 'स'.

उत्तर असं आहे. प्रत्येक ध्वनीला एक मुखरता असते. मुखरता म्हणजे, सारख्याच जोराने उच्चारला तर तो ध्वनी किती खुला आणि किती दूरवर ऐकू येणारा आहे ते. सगळ्यात खाली क, त, प यांसारखे स्पर्श, कारण त्यांत हवा पूर्ण अडते. त्यांच्यावर स, श यांसारखे घर्षक. त्यावर न, म हे अनुनासिक, मग र, ल, मग य, व, आणि सगळ्यात वर स्वर. अक्षर म्हणजे या मापाने काढलेली एक टेकडी. स्वर हा माथा. आरंभाकडून माथ्याकडे जाताना मुखरता चढली पाहिजे आणि माथ्यावरून शेवटाकडे येताना ती उतरली पाहिजे. 'प्रे'मध्ये प खाली, र वर, ए माथ्यावर, म्हणून चढण नीट बसते. 'र्पे'मध्ये आधी चढण, मग खड्डा, मग पुन्हा चढण. टेकडी मोडली.

हा विचार जर्मन ध्वनिशास्त्रज्ञ एडुआर्ड झीव्हर्स यांनी 1876 साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे वाढवत नेलेल्या ग्रंथात मांडला. डॅनिश विद्वान ऑटो येस्पर्सन यांनी 1904 च्या आपल्या ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात त्याची पायऱ्यापायऱ्यांची शिडी केली. सोस्यूर यांच्या 1916 साली छापल्या गेलेल्या व्याख्यानांतही अशीच शिडी आहे. ते मुखरतेऐवजी तोंड किती उघडतं हे मोजतात, स्पर्शांना शून्य देतात, घर्षकांना एक, आणि 'आ'ला सहा. शब्द बदलले, पण टेकडी तीच राहिली.

आता 'स्थान' म्हणा. 'स्पर्श' म्हणा, 'स्कंध' म्हणा. 'स' घर्षक, म्हणजे पायरी एक. त्याच्या पुढचा थ, प, क स्पर्श, म्हणजे पायरी शून्य. टेकडीच्या पायथ्याशीच आधी उंचवटा आणि मग खड्डा. नियमाप्रमाणे हे 'र्पेम'इतकंच कठीण असायला हवं. पण संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी, जर्मन, इटालियन या सगळ्या भाषांत शब्दारंभी 'स' आणि स्पर्श यांची जोडी सर्रास सापडते. एखाद्या कोपऱ्यातल्या भाषेतला एखादा शब्द असता तर अपवाद म्हणून सोडून देता आला असता. हा अपवाद तर दारातच उभा आहे.

अशा वेळी विद्वान काय करतात? माझा मूळ विषय तत्त्वज्ञान, म्हणून मला भाषेइतकंच या प्रश्नाचंही कुतूहल राहिलं. येस्पर्सन यांनी शिडीच थोडी बदलली. त्यांनी अघोष स्पर्श आणि अघोष घर्षक एकाच पायरीवर ठेवले. मग 'स्था'मध्ये खड्डा राहत नाही, सपाटी होते. झीव्हर्स यांनी दुसरी वाट काढली. असा उंचवटा म्हणजे एक दुय्यम, उपअक्षर आहे असं त्यांनी मानलं. पण 'स्थान' म्हणणारा माणूस त्यात एक अक्षर जास्त मोजत नाही, त्याचं काय?

या दोन्ही वाटा बघून आपण थोडे सावध व्हायला हवं. नियम मोडला की शिडी बदलायची किंवा अक्षराची व्याख्या बदलायची, असं चालत राहिलं तर तो नियम कधीच खोटा ठरू शकणार नाही. आणि जो कशानेच खोटा ठरत नाही तो नियम आपल्याला काही सांगतही नाही. खगोलशास्त्रात याचं चांगलं उदाहरण आहे. युरेनसची कक्षा गणिताबरहुकूम येत नव्हती, तेव्हा ल वेरिए यांनी आणखी एक ग्रह असला पाहिजे असं मानलं, आणि 1846 मध्ये नेपच्यून खरोखर दुर्बिणीत दिसला. पुढे बुधाची कक्षा चुकत होती, तेव्हा त्यांनी तीच युक्ती वापरून व्हल्कन नावाचा ग्रह मानला. तो कुणालाही सापडला नाही, कारण तो नव्हताच. युक्ती दोन्ही वेळा एकच होती. फरक एवढाच की एकदा दुर्बिणीने स्वतंत्र साक्ष दिली आणि एकदा दिली नाही. मग 'स'साठी दुर्बीण कोणती?

अशी एक दुर्बीण आपल्याच घरात आहे, आणि ती पाणिनींनी रोखून ठेवली आहे. संस्कृतात परोक्ष भूतकाळाचं रूप करताना धातूचा पहिला भाग दोनदा म्हणतात. पुढे येणाऱ्या या प्रतीला अभ्यास म्हणतात. पण प्रत पूर्ण नसते. धातूच्या आरंभी दोन व्यंजनं असतील तर प्रतीत एकच उरतं. कोणतं? अष्टाध्यायीतल्या 7.4.60 या सूत्राप्रमाणे पहिलं राहतं, बाकीची जातात. 'श्रु'चं शुश्राव, 'द्रु'चं दुद्राव, 'स्मृ'चं सस्मार, 'स्ना'चं सस्नौ. इथपर्यंत 'स'ही बाकीच्यांसारखाच वागतो. पण लगेच पुढचं सूत्र, 7.4.61, एक अपवाद सांगतं. श, ष, स यांच्यापुढे अघोष स्पर्श असेल तर प्रतीत तो स्पर्श राहतो आणि 'स' जातो. म्हणून 'स्था'चं तस्थौ, 'स्पृश्'चं पस्पर्श, 'स्तु'चं तुष्टाव, 'स्फुर्'चं पुस्फोर. 'सस्पर्श' नाही, 'सस्थौ' नाही.

हे पुन्हा एकदा सावकाश बघू. 'स्मृ' आणि 'स्पृश्' या दोन्हींत 'स' पहिला आहे. 'स्मृ'मध्ये तो टिकतो, 'स्पृश्'मध्ये गळतो. फरक पुढच्या व्यंजनाचा. 'म' शिडीवर 'स'च्या वर आहे, 'प' 'स'च्या खाली. आता तिसरा धातू घ्या, 'क्षिप्'. यात क् आणि ष् आहेत, आणि रूप होतं चिक्षेप. 'क'चा 'च' होतो हा वेगळा नियम, पण टिकला तो स्पर्शच, घर्षक गळला. तिन्ही एकत्र ठेवले तर सरळ दिसतं की दोन व्यंजनांपैकी जे कमी मुखर ते प्रतीत राहतं. स्मृ, स्पृश्, क्षिप् यांच्यासाठी दोन सूत्रांच्या जागी हे एकच वाक्य पुरतं.

म्हणजे काय झालं? शब्दाच्या आरंभी 'स'ने मुखरतेचा क्रम मोडला, हे खरं. पण प्रत काढताना भाषा तीच शिडी वापरते, आणि त्या शिडीवर 'स' स्पर्शाच्या वर आणि अनुनासिकाच्या खालीच आहे. येस्पर्सन यांनी केली तशी सपाटी मानली तर पस्पर्श आणि सस्मार यांतला भेद समजत नाही. शिडी खरी आहे. अडचण आहे ती 'स'च्या जागेची. डोंका स्टेरियाड यांनी 1988 मध्ये संस्कृतातल्या या द्वित्वावर लिहिताना त्याचा संबंध अक्षराच्या रचनेशी जोडला, तेव्हापासून आधुनिक वादात पाणिनींची ही रूपं पुनःपुन्हा साक्षीला येतात.

पाणिनींनी हे मुखरतेच्या भाषेत मांडलेलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. त्यांनी वर्णांचे गट केले आणि कोणत्या गटापुढे काय होतं ते सांगितलं. 'तिष्ठति' हे रूपही इतिहासाच्या दृष्टीने द्वित्वाचंच आहे, पण पाणिनी ते 7.3.78 मध्ये 'स्था'च्या जागी येणारं तयार रूप म्हणून देतात. त्यांचं काम रूपं बिनचूक साधण्याचं होतं. आपण त्यांच्या साधनातून आपला प्रश्न विचारतो आहोत.

संस्कृताची साक्ष मिळाली. आता शेजाऱ्यांकडे जाऊ, कारण 'स्था' हा धातू एकट्या संस्कृताचा नाही. ग्रीक आणि लॅटिन या बहिणींकडेही तोच आहे, आणि द्वित्वाची जुनी चालही आहे. संस्कृत म्हणते तिष्ठति, म्हणजे प्रतीत 'त' ठेवला. लॅटिन म्हणते 'सिस्तो', म्हणजे प्रतीत 'स' ठेवला. ग्रीक म्हणते 'हिस्तेमि', आणि त्यातला 'ह' हा जुना 'स'च आहे, ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या स्वरापूर्वीच्या 'स'चा 'ह' झाला. लॅटिनची गंमत अजून पुढे आहे. त्याच धातूचं भूतकाळाचं रूप आहे 'स्तेती'. इथे प्रतीत 'स्त' पूर्ण आला आणि मूळ धातूतला 'स' उडाला. 'वचन देणे' या अर्थाच्या 'स्पोन्देओ'चं 'स्पोपोन्दी' होतं, तेही तसंच.

चौथं उत्तर गॉथिक भाषेचं आहे. वुल्फिला यांनी चौथ्या शतकात केलेल्या बायबलच्या भाषांतरामुळे ती आपल्याला माहीत आहे. तिच्यात रडण्याच्या धातूचं 'गेग्रोत' होतं, म्हणजे 'ग्र'मधला 'र' प्रतीत गळतो. झोपण्याच्या धातूचं 'सेस्लेप', 'स्ल'मधला 'ल' गळतो. पण वेगळं करण्याच्या 'स्कैदान'चं होतं 'स्केस्कैद'. 'स्क' जसाच्या तसा दोन्हीकडे आला. म्हणजे गॉथिकच्या कानाला 'स्ल' ही फोडता येणारी जोडी होती, 'स्क' मात्र एकच वस्तू होती. जुन्या जर्मानिक काव्याचीही हीच साक्ष आहे. त्यात शब्दारंभीच्या व्यंजनांचा अनुप्रास जुळवतात. 'स'ने सुरू होणारे शब्द एकमेकांशी जुळतात, पण 'स्प' फक्त 'स्प'शी, 'स्त' फक्त 'स्त'शी आणि 'स्क' फक्त 'स्क'शीच जुळतो.

आता विसाव्या शतकात या. 1968 साली चॉम्स्की आणि हॅले यांचा इंग्रजी ध्वनिव्यवस्थेवरचा मोठा ग्रंथ आला. त्याच्या नियमांत अक्षराला स्वतंत्र स्थानच नव्हतं. पुढच्या दशकात डॅनियल कान यांच्या 1976 च्या प्रबंधासारख्या कामांनी अक्षर परत आणलं, आणि त्याच्याबरोबर 'स'चं भांडणही परत आलं. तीन मतं पुढे आली. एलिझाबेथ सेल्कर्क यांचं मत होतं की इंग्रजीत 'स' आणि स्पर्श मिळून आरंभाची एकच जागा व्यापतात. दुसऱ्या मताप्रमाणे 'स' अक्षराच्या बाहेर, उंबरठ्यावर उभा असतो. शब्दाचा तो भाग असतो, पण टेकडीचा नसतो. तिसरं मत जोनाथन के यांनी 1992 मध्ये जोरात मांडलं. त्यांच्या मते 'स' पुढच्या अक्षराचा आरंभ नसून आधीच्या अक्षराचा शेवट आहे. शब्दाच्या सुरुवातीला आधीचं अक्षर ऐकू येत नसलं, तरी तिथे मुका स्वर असतो.

हे शेवटचं मत ऐकून हसू येईल. न ऐकू येणारा स्वर म्हणजे व्हल्कनच की! पण त्याची स्वतंत्र साक्ष शब्दाच्या मध्यभागी मिळते. इटालियनमध्ये आघात असलेलं अक्षर स्वराने संपत असेल तर तो स्वर लांबतो. 'पाद्रे', म्हणजे वडील, यात पहिला 'आ' लांब आहे, कारण 'द्र' पुढच्या अक्षरात जातो. 'पास्ता'तला 'आ' मात्र आखूड आहे, कारण 'पास्' इथे अक्षर बंद होतं. लॅटिन छंदातही तेच आहे. 'पात्रिस' या शब्दाचं पहिलं अक्षर कवी लघु धरू शकतो, 'पेस्तिस'चं कधीच नाही. म्हणजे दोन स्वरांच्या मध्ये आला की 'स' मागच्या अक्षराला टेकतो, हे पक्कं. के यांनी तेच शब्दारंभालाही लावलं. तिथे त्यांच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट म्हणजे स्पॅनिश. लॅटिन 'स्कोला'चं तिथे 'एस्कुएला' झालं. मुका स्वर बोलका झाला आणि 'स' त्याला टेकला. 'प्ल', 'ब्र' यांच्या आधी मात्र स्पॅनिशने असा स्वर घातला नाही.

तर या तिघांपैकी बरोबर कोण? मला वाटतं, प्रश्न असा विचारण्यातच खोट आहे. गॉथिक रूपं पहिल्या मताच्या बाजूने बोलतात, संस्कृत रूपं दुसऱ्याच्या, स्पॅनिश आणि इटालियन तिसऱ्याच्या. एकाच घरातल्या भाषांनी एकाच जोडीची जागा वेगवेगळी ठरवली, आणि लॅटिनने तर एका धातूत दोनदा. सगळ्या भाषांना लागू पडेल असं 'स'चं एकच घर शोधत बसलो तर कुठल्या तरी भाषेची साक्ष दडपावी लागते. भाषा घ्यायची, तिचं द्वित्व, तिचा छंद, तिच्या स्वरांची लांबी बघायची आणि मग बोलायचं, हा रस्ता लांबचा आहे पण सरळ आहे.

तरी एक प्रश्न उरतोच. हा मान 'स'लाच का? 'म्प' किंवा 'ल्त' इतक्या भाषांत शब्दारंभी का बसत नाहीत? इथे जॉन ओहाला यांच्यासारख्या ध्वनिशास्त्रज्ञांचं म्हणणं उपयोगी पडतं. ते म्हणत होते की मुखरतेची व्याख्या अक्षरावरून आणि अक्षराची मुखरतेवरून करणं म्हणजे गोल फिरणं आहे. त्यापेक्षा कानाला काय मिळतं ते बघा. 'त' हा ध्वनी स्वतः जवळजवळ शांतता आहे. तो 'त' आहे की 'प' की 'क', हे आपल्याला अडलेली हवा सुटताना आणि पुढच्या स्वरात शिरताना कळतं. म्हणून स्पर्शाला स्वराचा शेजार हवा. 'स'चा सूं-सूं आवाज मात्र आपली ओळख स्वतःबरोबर घेऊन येतो. तो स्वरापासून एक घर दूर ठेवला तरी ऐकणारा चुकत नाही. 'स्ता'मध्ये स्वराजवळची जागा ज्याला गरज आहे त्याला मिळते, आणि 'स'चं लांब राहूनही भागतं. हे स्पष्टीकरण 'स'च का ते सांगतं. मात्र पस्पर्शात 'प' का राहिला आणि सिस्तोत 'स' का, हे ते एकटं सांगू शकत नाही. त्यासाठी भाषेची रचना लागतेच.

शेवटी आपल्या दाराशी येऊ. प्राकृतांनी ही जोडी शब्दारंभी ठेवलीच नाही. 'स' गेला आणि जाताना आपला श्वास मागे स्पर्शात ठेवून गेला. हस्तचा हत्थ आणि मग हात, स्कंधचा खांदा, आणि 'स्था'पासूनच आपलं ठाणं आणि ठेवणं. पुढे 'स्टेशन' आलं तेव्हा खेड्यातल्या तोंडांनी त्याचं 'टेसन' केलं, कुठे 'ठेसन'ही. हिंदी मुलखात 'इस्टेशन', 'इस्कूल' झालं, पंजाबीत 'सकूल'. 'प्लास्टिक'चं मात्र हिंदीत 'पिलास्टिक' होतं, 'इप्लास्टिक' नाही. न शिकलेल्या कानालाही 'स्क' आणि 'प्ल' यांतला फरक कळतो. गोव्यातलं 'इस्कोल' पोर्तुगीज 'एस्कोला'वरून आलं, म्हणजे त्यातला पहिला स्वर लॅटिनच्या लेकींनी फार पूर्वी घातलेला आहे. हिंदीने तोच स्वर वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या काळात घातला.

मी तिसरीत असताना वर्गात 'टेसन' वाचलं म्हणून हातावर छडी खाल्ली होती. गुरुजींचा राग नाही, प्रमाण उच्चार शिकवणं त्यांचं कामच होतं. पण त्यांनी मला 'जीभ जड आहे' म्हटलं, आणि ते मी बरीच वर्षं खरं मानलं. पुढे कधीतरी हत्थ आणि खंध ही रूपं वाचली तेव्हा लक्षात आलं की माझ्या जिभेने ज्या जागी माघार घेतली, तिथेच आपल्या सगळ्या पूर्वजांच्या जिभेने घेतली होती, आणि छडी मारणाऱ्या हाताचा 'हात'ही तसाच झाला होता. मुलांना 'स्टेशन' जरूर शिकवा. पण एखादं मूल 'टेसन' म्हणालं तर ते निष्काळजी आहे असं समजू नका. जिथे झीव्हर्स आणि येस्पर्सन अडले, त्याच दगडाला त्याची ठेच लागलेली असते.

पुढच्या वेळी अक्षराच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ, आणि 'वाक्', 'मरुत्' यांसारख्या शब्दांच्या शेवटी काय उरतं ते पाहू.